‘आवडलं तेवढंच सांगा’ म्हणणाऱ्यांना

पुस्तकांवर बोलायला यूट्यूब चॅनल काढू म्हणणाऱ्या किंवा ब्लॉग लिहायला बसलेल्या प्रत्येक तरुण वाचकाला सध्या एक सल्ला न मागता मिळतो. ‘आवडलेल्या पुस्तकांबद्दलच बोल. नाही आवडलं, तर गप्प राहा.’ सल्ला देणारे बहुतेक वेळा सज्जन असतात. कुणी लेखक असतं, कुणी प्रकाशक, कुणी गावात वाचनकट्टा चालवणारं. त्यांचं म्हणणं ऐकायलाही बरं वाटतं. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची, ती संपायलाही पुष्कळदा काही वर्षं लागतात. वाचक आधीच कमी, त्यांना आणखी कशाला पळवायचं? आयुष्य थोडकं, मग वाईट पुस्तकावर वीस मिनिटं का घालवायची? शिवाय मराठी साहित्याचं जग एवढंसं. आज ज्याला नावं ठेवाल, तो उद्या व्यासपीठावर तुमच्या शेजारच्या खुर्चीत असतो.

हा सल्ला पाळून चॅनल उभं राहतं, हे मी नाकारत नाही. ते वाढतंही. लेखक तो व्हिडिओ स्वतः पुढे पाठवतात, प्रकाशक प्रती पाठवू लागतात, प्रकाशन समारंभाची आमंत्रणं येतात. फक्त ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा, तो साडेचारशे रुपये हातात घेऊन दुकानात उभा असलेला वाचक मात्र होता तिथेच राहतो. त्याच्या मनातला प्रश्न साधा असतो: हे घेऊ की ते? आणि ज्या चॅनलवर सगळीच पुस्तकं ‘अप्रतिम’ आहेत, त्या चॅनलकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं. स्तुतीला अर्थ येतो तो स्तुती न करण्याची मुभा असताना. ती मुभा आधीच सोडून दिली, तर उरते ती आगमनाची वार्ता. ती प्रकाशकाच्या सूचीपत्रातही मिळते.

हा वाद मराठीपुरता नाही. २०१३ साली अमेरिकेत बझफीड या संकेतस्थळाच्या पुस्तक विभागाचे संपादक म्हणून आलेल्या आयझॅक फिट्झजेराल्ड यांनी जाहीर करून टाकलं होतं की आपण प्रतिकूल परीक्षणं छापणारच नाही. त्यावर बरंच वादळ उठलं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९५९ मध्ये एलिझाबेथ हार्डविक यांनी ‘हार्पर्स’ मासिकात नेमकी उलट तक्रार केली होती. परीक्षणं इतकी गुळमुळीत आणि इतकी गोड झाली आहेत, की ती वाचून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही, असा त्यांच्या लेखाचा रोख होता. पुढे १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांचा संप चालू असताना त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’ काढलं. परखड, लांबलचक परीक्षणांचं ते नियतकालिक आजही चालू आहे. परखडपणाने वाचक पळतात म्हणणाऱ्यांनी याचं काहीतरी उत्तर द्यायला हवं. आपल्याकडेही विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून निबंधमालेत भल्याभल्यांवर टीकेची झोड उठवली. त्यातली काही अन्यायाची होती. फुल्यांवरची तर होतीच. पण तिने मराठी वाचकांची संख्या घटली, असं कुणी म्हटल्याचं ऐकलेलं नाही.

आता विश्वासाकडे येऊ, कारण खरा मुद्दा तोच आहे. चॅनल सुरू करणारे जवळजवळ सगळे नव्या पुस्तकांपासून सुरुवात करतात. ताजं पुस्तक, ताजा व्हिडिओ. माझ्या मते पहिली चूक इथेच होते. नवं पुस्तक प्रेक्षकाने वाचलेलं नसतं, त्यामुळे तुमचं मत बरोबर की चूक हे ताडून पाहायला त्याच्याकडे काही नसतं. तो एकतर तुमच्यावर आंधळेपणाने विश्वास ठेवील किंवा ठेवणारच नाही. म्हणून सुरुवातीचे सात-आठ भाग अशा पुस्तकांवर करावेत, जी मराठी वाचणाऱ्या निम्म्याअधिक घरांत कुणीतरी वाचलेली असतात. त्या पुस्तकांवर तुम्ही काय म्हणता हे पाहून प्रेक्षक तुमची नजर ओळखायला शिकतो.

एक जोडी घेऊन दाखवतो. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. दोन्ही १९६७ सालची, दोन्ही महाभारतावरची, दोन्हींत कर्ण. एक कादंबरी, दुसरा लेखसंग्रह. दोन्हींचे चाहते आजही भेटतात, आणि बहुधा ते वेगळे असतात.

‘मृत्युंजय’वरचे व्हिडिओ शोधून पाहा. डोळ्यांत पाणी आलं, कर्णावर अन्याय झाला, प्रत्येकाने एकदा तरी वाचावी, बस. हे सगळं खरं असेल, पण यात परीक्षण कुठे आहे? परीक्षण करायचं तर आधी कादंबरी कशी रचली आहे हे सांगावं लागेल. ती नऊ भागांत आहे आणि सहा जण ती आळीपाळीने सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. या रचनेने लेखकाला काय मिळालं? कर्णाला जे माहीत नाही ते कुंतीला माहीत आहे, आणि वाचकाला दोघांचंही माहीत आहे. त्यामुळे जन्माचं रहस्य सगळ्यांना आधीच ठाऊक असूनही ताण टिकतो. सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला एवढा जाडजूड ग्रंथ खाली ठेववत नाही, याचं मोठं कारण ही रचना आहे. हे गुण ठामपणे सांगावेत.

मग दुसरी बाजू. सहा निवेदक आहेत, पण सहा आवाज आहेत का? माझं मत आहे की नाहीत. राजमाता कुंती आणि सारथ्याच्या घरात वाढलेला शोण एकाच अलंकारिक, उपमांनी लगडलेल्या भाषेत बोलतात. आता हे नुसतं म्हणून चालणार नाही. कुंतीच्या भागातलं एक पान आणि शोणच्या भागातलं एक पान निवडा. प्रत्येकातल्या तीन-चार ओळी, नावं आणि नाती येणार नाहीत अशा बेताने, कॅमेऱ्यासमोर वाचा. कोण बोलतंय ते आधी सांगू नका. प्रेक्षकालाच ओळखू द्या, मग पृष्ठक्रमांक आणि आवृत्ती पडद्यावर दाखवा. कुणी म्हणेल, मला तर सहज ओळखता आलं. हरकत नाही, तो तुम्हाला खोडू शकला हेच हवं होतं. ‘भाषा एकसुरी आहे’ या वाक्याला आधार मिळाला, आणि तो तपासण्याची सोयही झाली. (परीक्षणासाठी वाजवी उतारे वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. अख्खी कथा वाचून दाखवायची आणि शेवटी ‘कशी वाटली सांगा’ म्हणायचं, याला मात्र परीक्षण म्हणत नाहीत. तसले व्हिडिओ उदंड आहेत.)

आणखी एक गोष्ट. पुष्कळ परीक्षक उत्साहाच्या भरात म्हणून जातात की सावंतांनी महाभारतातला खरा कर्ण उभा केला. हे मत नाही, हे विधान आहे, आणि विधान तपासावं लागतं. कोणतं महाभारत? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेलं चिकित्सित आवृत्तीचं काम १९६६ मध्ये पूर्ण केलं. द्रौपदी स्वयंवरात ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणते, तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलेला प्रसंग त्या आवृत्तीच्या स्वीकृत संहितेत नाही. संपादकांनी तो नंतरची भर म्हणून बाजूला काढला. कादंबरीकाराला कोणताही प्रसंग घेण्याचं, नवा रचण्याचंसुद्धा स्वातंत्र्य आहे. त्याबद्दल सावंतांना बोल लावण्याचं कारण नाही. पण परीक्षकाने ‘मूळ महाभारतात असंच आहे’ असं म्हटलं, तर ते वाक्य चुकीचं ठरण्याची शक्यता मोठी आहे. हे ज्याला माहीत आहे असा एखादा प्रेक्षक तुमचं पुढचं कुठलंच वाक्य मनावर घेणार नाही.

आता ‘युगान्त’. इरावतीबाईंनी चिकित्सित आवृत्ती समोर ठेवून लिहिलं. कर्णाबद्दल त्यांच्या लेखनात माया कमी आणि हिशेब जास्त आहे. कुठे तो युद्धात उणा पडला, कुठे त्याचं औदार्य अतिरेकी होतं, हे त्या निर्विकारपणे मांडतात. जो ‘मृत्युंजय’ वाचून रडला, तो ‘युगान्त’ वाचताना चिडण्याचा संभव आहे. दोन्ही पुस्तकांना ‘भारावून टाकणारं’ म्हणणारा माणूस या चिडीबद्दल काही सांगूच शकत नाही. ज्याने ‘मृत्युंजय’च्या भाषेबद्दल तक्रार केली आणि ‘युगान्त’च्या कोरडेपणाचं कौतुक केलं, किंवा याच्या नेमकं उलटं केलं, त्याची कसोटी काय आहे हे प्रेक्षकाला कळलं.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. तुमचं मत प्रेक्षकाला पटलंच पाहिजे असं नाही. समजा, एका बाईंना ‘मृत्युंजय’ची भाषा अतिशय आवडते. तुम्ही तिला नटवी म्हटलंत. त्या रागावतील, पण त्यांना एक गोष्ट समजेल: या माणसाला अलंकार खटकतात, मला खटकत नाहीत. सहा महिन्यांनी तुम्ही एखाद्या नव्या ऐतिहासिक कादंबरीबद्दल ‘भाषा फार सजवलेली आहे’ म्हणून कुरकुर केलीत, की त्या बाई ती कादंबरी मागवतील. तुमच्या नापसंतीमुळे पुस्तक खपलं, आणि योग्य घरी पोचलं. हे ‘आवडलं तेवढंच सांगा’वाल्यांच्या हिशेबात बसतच नाही. त्यांच्या मते प्रतिकूल परीक्षण म्हणजे एक गिऱ्हाईक गेलं. प्रत्यक्षात कारण सांगून व्यक्त केलेली नावड ही माहिती असते, आणि कारण न सांगता केलेली वाहवा ही माहिती नसते.

सातत्याचंही असंच. सल्लागार म्हणतात, दर आठवड्याला एक व्हिडिओ टाका, नाहीतर अल्गोरिदम तुम्हाला विसरतो. अल्गोरिदमच्या स्मरणशक्तीबद्दल मी बोलणार नाही. पण नोकरी करून, घर सांभाळून आठवड्याला साडेतीनशे पानं नीट वाचून त्यावर विचार करून लिहिणारी माणसं फार थोडी असतात. बाकीची काय करतात ते व्हिडिओ पाहताना दिसतं. कथानक पहिल्या साठ-सत्तर पानांपुरतंच सांगितलेलं असतं. त्यानंतर येणाऱ्या एकाही पात्राचं नाव येत नाही. मलपृष्ठावरची विशेषणं त्याच क्रमाने बोलण्यात येतात. शेवटाबद्दल ‘तो मी सांगणार नाही, तुम्हीच वाचा’ एवढंच. उत्तरार्ध ढेपाळतो की सावरतो, हे शेवट न फोडताही सांगता येतं. ते सांगितलं नसेल, तर बहुधा तिथवर कुणी पोचलेलंच नाही. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नावसुद्धा घेतलेलं नसतं. मग अनुवाद मूळ भाषेतून केला आहे की इंग्रजीमार्गे, हा प्रश्न कुठून पडणार?

महिन्यात दोनच भाग करा, पण प्रत्येकात तीच कसोटी दिसू द्या. भाषा, रचना, माहितीची विश्वासार्हता, छपाई आणि संपादन, जे तुम्हाला महत्त्वाचं वाटतं ते. छपाईबद्दल बोलायला लोक लाजतात. का, कोण जाणे! पाचशे रुपयांच्या पुस्तकात शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी असतील, सूची नसेल, नकाशे वाचता येत नसतील, तर ते गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं. आणि जे पुस्तक अर्ध्यात सोडलं, त्याबद्दल ‘एकशेचाळिसाव्या पानावर थांबलो, कारण अमुक’ असं सांगून मोकळं व्हा. वाचून संपवल्याचा आव आणण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगाचं असतं.

इथे माझ्या विरोधकांचा एक मुद्दा उरतो, आणि तो वजनदार आहे. समाजमाध्यमांवर निंदेची लाट आली की लेखक चिरडला जातो. २०२३ च्या जूनमध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी रशियाच्या पार्श्वभूमीवरची कादंबरी येणार असल्याचं जाहीर केलं. युक्रेनवर युद्ध चालू असताना रशियात घडणारी गोष्ट कशाला, म्हणून गुडरीड्सवर शेकडो लोकांनी तिला एक तारा दिला. पुस्तक तेव्हा बाजारात आलेलंच नव्हतं, कुणी वाचलेलंच नव्हतं. गिल्बर्ट यांनी ते प्रकाशन थांबवलं. भयंकर प्रकार होता, यात शंका नाही. पण त्यात रोग कोणता होता ते पाहा. न वाचता मत देणं. न वाचता ‘मस्ट रीड’ म्हणणारे हजारो व्हिडिओ याच रोगाचे आहेत. दिशा फक्त उलटी. गुणगान सक्तीचं करून तो बरा होत नाही.

एका बाबतीत मात्र मी त्यांचं ऐकतो. एखाद्या मुलीचा पहिला कवितासंग्रह आहे, तिने किंवा तिच्या वडिलांनी पैसे घालून तीनशे प्रती छापल्या आहेत, त्या नातेवाइकांत वाटल्या आहेत. तो वाईट असला तर त्यावर व्हिडिओ करण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. त्या संग्रहाकडे कुणी फसून वळणार नसतं. बाजारात ज्याचं ढोल वाजवून कौतुक चाललं आहे, ज्याच्या तीन महिन्यांत चार आवृत्त्या निघाल्याची जाहिरात आहे, त्या पुस्तकाची कसून तपासणी करा. तिथे गप्प बसण्याला भिडस्तपणाखेरीज दुसरं नाव नाही.

भिडेचा विषय निघालाच आहे, तर भेटप्रतींबद्दलही बोलून टाकू. चॅनलला हजारभर सबस्क्राइबर झाले की पाकिटं येऊ लागतात. आत ‘अभिप्रायार्थ सप्रेम’ लिहिलेलं पुस्तक. प्रत घेण्यात गैर काही नाही. वृत्तपत्रांकडेही अशा प्रती येतच आल्या आहेत. लपवण्यात गैर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि २०२३ च्या जानेवारीत इन्फ्लुएन्सरांसाठी वेगळ्या सूचना आल्या. पैशांखेरीज फुकट मिळालेली वस्तूही त्यात संबंध म्हणून धरली जाते. तो संबंध हॅशटॅगांच्या गर्दीत न दडवता साध्या भाषेत सांगावा अशी अपेक्षा आहे. दीडशे पानांच्या भेटप्रतीवरून कुणी दंड करायला येणार नाही. पण प्रेक्षक तेवढा भोळा नसतो. एकाच प्रकाशनाची पाच पुस्तकं ओळीने ‘अप्रतिम’ ठरली की तो स्वतःच हिशेब मांडतो.

म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात, दर वेळी त्याच जागी, एक वाक्य: हे मी विकत घेतलं, किंवा ग्रंथालयातून आणलं, किंवा प्रकाशकाने पाठवलं, किंवा वर्णनात दिलेल्या लिंकवरून तुम्ही घेतलंत तर मला कमिशन मिळतं. वाक्य बदलेल, जागा बदलू नये. कारण जागा ठरलेली असली की एखाद्या दिवशी ते वाक्य गाळलेलं लगेच लक्षात येतं, आणि गाळण्याचा मोह होतो तो नेमका अडचणीच्या दिवशीच. प्रत पाठवणाऱ्यालाही आधीच कळवावं: परीक्षण करीनच असं नाही, अनुकूल असेलच असं नाही, आणि प्रसिद्धीआधी दाखवणार नाही. या तीन ओळी पाठवल्या की काही पाकिटं यायची थांबतात. थांबू द्यावीत. मित्राच्या पुस्तकाचं परीक्षण करूच नये. त्याची मुलाखत घ्यावी, म्हणजे कुणाचीच फसवणूक होत नाही.

हे सगळं पाळलं की एक दिवस फोन येतो. लेखकाचा किंवा लेखकाच्या वतीने कुणाचा तरी. सूर दुखावलेला असतो, कधी दरडावणीचा, कधी ‘आपल्यातल्या आपल्यात’वाला. व्हिडिओ काढून टाका, निदान तो एक भाग तरी कापा. अशा वेळी एकच विचारावं: मी सांगितलेलं कुठलं विधान चुकीचं आहे, आणि कोणत्या पानावर त्याचं उत्तर आहे? लेखकाने पान दाखवलं आणि तो बरोबर निघाला, तर दुरुस्ती वर्णनात आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये त्याच दिवशी घालावी, त्याच्या नावानिशी. व्हिडिओ मात्र राहू द्यावा, म्हणजे आधी काय म्हटलं होतं आणि नंतर काय बदललं हे दोन्ही दिसतं. पान दाखवता आलं नाही, नुसतं वाईट वाटल्याचंच सांगत राहिला, तर ते शांतपणे ऐकून घ्यावं आणि काहीही बदलू नये. त्याचं पुढचं पुस्तक आलं की ते स्वतःच्या पैशाने विकत आणावं, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात तसं सांगावं.